'तुम्ही औषध घेतलीस का?' हे वाक्य माणसाने लिहिलं असेल का?

काना_मात्रा
गेली बारा वर्षं मी मुद्रितशोधन करते. यंदा एका दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचायचं काम माझ्याकडे आहे. अंकाची अट आहे की कथा स्वतः लिहिलेली हवी, यंत्राकडून लिहून घेतलेली चालणार नाही. एका कथेपाशी दोन दिवस अडून बसले आहे. विषय चांगला आहे, माणसं जिवंत वाटतात, पण मधूनच असं काही येतं की खडा लागावा. लेखिकेवर उगाच आळ घ्यायचा नाही म्हणून इथे विचारते. एक परिच्छेद देते आहे, नाव बदललं आहे:

> मीनल घरी परतली तेव्हा आई ओट्याजवळ उभ्या होत्या. तिने मीनलला जवळ बोलावली आणि विचारले, "आज उशीर का झाला?" मीनलने गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी लिहून दिलेली, अजून न उघडलेली गोळ्यांच्या पाकिटाकडे पाहिले. बराच वेळ ती काहीच बोलली नाही. मग बाबा आला आणि म्हणाले, "तुम्ही औषध घेतलीस का?" मीनलने मान हलवली. तिला उत्तर द्यायला बराच वेळ लागली.

मला यात सहा जागा खटकल्या. तुम्हाला किती दिसतात, आणि त्यांतली कुठली चूक माणूस करेल, कुठली नाही?

जुना_वाचक
सरळ गोष्ट आहे, हे हिंदीवरून आलेलं आहे. यंत्रांना हिंदी मजकूर भरपूर मिळतो, मराठी कमी. त्यामुळे लिंगं हिंदीची लागतात. हिंदीत 'दुकान' स्त्रीलिंगी, आपल्याकडे नपुंसकलिंगी. 'आवाज' तिकडे स्त्रीलिंगी, इकडे पुल्लिंगी. 'पुस्तक', 'मृत्यू', 'चहा' यांचंही तसंच. 'पुस्तक वाचली', 'मोठी आवाज आली' असं दिसलं की यंत्र समजायचं. इथेही तेच. आणि 'आई उभ्या होत्या' हा तर हिंदीचा 'माँ खड़ी थीं' आहे. मराठीत आईला कोणी अहोजाहो करत नाही. एवढ्या एका वाक्यावर मी कथा बाजूला ठेवली असती.

निशिगंधा
जुना_वाचक, थांबा थोडं. 'आई उभ्या होत्या' हे वाचल्याबरोबर मला कळलं की या मीनलच्या सासूबाई आहेत. माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आजही माहेरची 'आई आली' आणि सासरच्या 'आई आल्या'. फोनवर एवढंच बोललं तरी ऐकणाऱ्याला कळतं कोण आलं ते. या वाक्यात चूक नाही, उलट सबंध परिच्छेदातलं सगळ्यात मराठी वाक्य तेच आहे. खटकतं ते पुढचं 'तिने'. उभ्या होत्या म्हटल्यावर 'त्यांनी' हवं. सासूबाई एका वाक्यात सासूबाई आणि दुसऱ्या वाक्यात आई, असं कसं होईल?

रानवाट
निशिगंधांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. मी तीस वर्षं मराठी व्याकरण शिकवलं, आता निवृत्त आहे. गेली दोन वर्षं असा मजकूर लोक माझ्याकडे पाठवतात, म्हणून सवडीने लिहितो.

जुना_वाचक यांचं हिंदीबद्दलचं म्हणणं काही शब्दांपुरतं बरोबर आहे. पण या परिच्छेदात हिंदी कामाला येत नाही. 'मीनलला बोलावली' घ्या. हिंदीत 'मीनल को बुलाया' असतं, तिथे क्रियापद स्त्रीलिंगी होतच नाही. मग ही 'ली' हिंदीतून कशी येईल? 'औषध घेतलीस' हेही हिंदीतून यायला हवं असेल तर यंत्राच्या डोक्यात 'दवा' होती असं धरावं लागेल. तसं असेलही, पण त्याने 'तुम्ही'ची अडचण सुटत नाही.

त्या वाक्यात काय झालंय ते जवळून बघू. भूतकाळात मराठी क्रियापद दोन धन्यांची चाकरी करतं. घेतलं, घेतला, घेतली हे ठरतं जी वस्तू घेतली तिच्यावरून. औषध नपुंसकलिंगी, म्हणून 'घेतलं'. मग त्याच्या शेपटाला करणाऱ्याची खूण लागते. तू असशील तर 'स', तुम्ही असाल तर 'त'. तू औषध घेतलंस, तुम्ही औषध घेतलंत, तू गोळी घेतलीस, तुम्ही गोळी घेतलीत. 'तुम्ही औषध घेतलीस' यात औषधाचं लिंग चुकलं आणि 'तुम्ही'ला 'तू'ची शेपटी लागली. चार अक्षरांच्या शब्दात दोन्ही सांधे निखळले. ही चूक मी कुठल्याही बोलीत ऐकलेली नाही. लहान मूलसुद्धा 'तुम्ही घेतलीस' म्हणत नाही. 'तुम्ही घेतलं का' म्हणेल, म्हणजे शेपटी गाळेल, पण दुसऱ्याची लावणार नाही.

त्यात नात्याचं पाहा. सासरे सुनेला 'तू' म्हणतात. सुनेला 'तुम्ही' म्हणणारी घरं असतीलही, पण मग ते कथेत आधी कुठेतरी दिसलं पाहिजे.

वाटसरू
शुद्धलेखनाचं म्हणाल तर हल्ली सगळेच चुकतात, त्याला यंत्र कशाला पाहिजे? 'कोल्हापूरात', 'विहीरीत', 'बहीणीला' रोज वाचतो. पाट्यांवरही तेच. ऱ्हस्व-दीर्घावरून कोणी यंत्र ठरवायला लागलं तर अर्धा महाराष्ट्र यंत्र निघेल.

काना_मात्रा
वाटसरू, माझा प्रश्न ऱ्हस्व-दीर्घाचा नव्हता. परिच्छेदात तशी चूक एकही नाही. पण त्यावरून एक आठवलं. माझ्याकडे येणाऱ्या यंत्राच्या मजकुरात 'कोल्हापुरात', 'विहिरीत' बहुतेक बरोबर असतं. माणसं तिथे चुकतात, कारण ती उच्चारावरून लिहितात आणि उच्चारात तो फरक फारसा कळत नाही. उलट 'तिने' आणि 'त्यांनी' यांत माणूस चुकत नाही, कारण तो कानाला लगेच कळतो.

पानगळ
मी भाषांतराचं काम करते आणि हल्ली बहुतेक काम म्हणजे यंत्राने केलेलं भाषांतर दुरुस्त करणं. काना_मात्रांचं निरीक्षण माझ्याशी जुळतं. काही वर्षांपूर्वी 'घर मध्ये', 'शाळा ला', 'लाकूडचा' असं यायचं. शब्दाचं रूप न बदलता पुढे प्रत्यय चिकटवलेला. पुणे मध्ये, ठाणे मध्ये. ते आता पुष्कळ कमी झालं आहे. नेहमीच्या शब्दांचं सामान्यरूप यंत्राला जमतं.

अडतं ते कमी वापरातल्या शब्दांत. मागच्याच महिन्यात 'विटीवर विटी रचली' असं वाक्य आलं. विटी म्हणजे विटी-दांडूतली! हवं होतं 'विटेवर वीट'. ज्याच्या कानात 'विटेवरी' बसलंय तो हे लिहिणार नाही. आणि त्याच पानावर 'भिंतेला' होतं.

वाटसरू
वीट-विटेला आणि भिंत-भिंतीला, हे ठरतं कशावरून? मला बरोबर बोलता येतं पण का ते कधी कळलं नाही.

रानवाट
अनेकवचन म्हणून बघा. एक वीट, दोन विटा, म्हणून विटेला. एक जीभ, दोन जिभा, जिभेला. सून, सुना, सुनेला. पण भिंत, भिंती, भिंतीला. म्हैस, म्हशी, म्हशीला. विहीर, विहिरी, विहिरीला. अनेकवचन 'आ'ने संपलं तर मध्ये 'ए' येतो, 'ई'ने संपलं तर 'ई'.

निशिगंधा
मग चूक? एक चूक, दोन चुका. पण 'चुकीचं उत्तर', 'झाल्या चुकीबद्दल' म्हणतो. 'चुकेबद्दल' कोण म्हणतं?

रानवाट
बरोबर पकडलंत. तिथे नियम मोडतो. वापरात 'चुकी' पक्कं बसलंय. नियम बहुतेक शब्दांना लागतो, सगळ्यांना नाही. म्हणून तर वापरातूनच शिकावं लागतं, आणि यंत्राला तो शब्द पुरेसा वाचायला मिळाला नसेल तर ते शेजारच्या शब्दाच्या चालीने जातं.

सोलापुरी
मला या धाग्यात एक सांगायचंय, कारण माझ्यावर हे बेतलंय. मागच्या वर्षी एका निबंध स्पर्धेला लेख पाठवला. परत आला, शेरा होता: 'यंत्रलिखित मजकूर, मूलभूत व्याकरणदोष.' कारण काय तर मी लिहिलं होतं 'मी ते काम केलो', 'मी पत्र लिहिलो'. आमच्याकडे घरात, बाजारात, शाळेच्या मैदानावर असंच बोलतात. तिकडे कानडी शेजारी आहे, आणि कानडीत करणाऱ्याप्रमाणेच क्रियापद चालतं, असं आमचे गुरुजी सांगायचे. प्रमाण मराठीत 'मी काम केलं' हे मला माहीत आहे, पण लेख आजोबांच्या आठवणींचा होता, मुद्दाम घरच्या भाषेत लिहिला होता. सगळं हाताने लिहिलेलं. वही अजून आहे. तेव्हापासून लिहिलेलं नाही काही.

रानवाट
सोलापुरी, हे वाचून वाईट वाटलं, आणि ज्याने तो शेरा मारला त्याने ऐकायला हवं होतं. तुमच्या लेखात 'केलो' आहे, 'लिहिलो' आहे, मला खात्री आहे की 'वाचलो' आणि 'पाहिलो'ही असेल. एकही 'मी काम केलं' मध्येच घुसलं नसेल. बोलीला स्वतःचा नियम असतो आणि लिहिणारा तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाळतो, त्याला आठवावंही लागत नाही. कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो', 'मी गेलो' म्हणतात, तेही तसंच. तिथल्या लेखिकेने पूर्ण कथा तशी लिहिली तर ती तिची भाषा. पण निवेदन करणारी बाई पहिल्या ओळीत 'मी उठले', तिसऱ्या ओळीत 'मी दार उघडून बाहेर आलो' आणि पाचव्या ओळीत पुन्हा 'मी बसले' असं लिहायला लागली, तर मी पेन्सिल हातात घेतो.

पानगळ
हे 'आलो-आले' रोजचं आहे. इंग्रजीत बोलणाऱ्याचं लिंग क्रियापदात नसतं, तिथून मराठीत येताना यंत्राला ते कुठून तरी ठरवावं लागतं. जवळपास 'आई', 'मैत्रीण' असा शब्द असेल तर स्त्रीलिंग येतं, तो शब्द मागे पडला की पुन्हा 'मी थकलो आहे'. तू-तुम्हीचंही तसंच. सुरुवातीला 'तुम्ही' असतं, दोन परिच्छेदांनी 'तुझा', शेवटी 'आपण'. 'आपण' आणि 'आम्ही' तर सारखे गळ्यात पडतात. दोन मित्र निरोप घेताना एक दुसऱ्याला म्हणतो, 'आम्ही उद्या भेटू.' म्हणजे ह्याला वगळून कोण भेटणार?

जुना_वाचक
आईबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. माझ्या घरात सून माझ्या बायकोला 'आई' म्हणते आणि 'आई आल्या' म्हणते, हे रोज ऐकतो आणि लिहिताना सुचलं नाही. पण 'मीनलला बोलावली' तरी उघड चूक आहे ना? 'ला' लागला की क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी. 'मीनलला बोलावलं.' हे शाळेत शिकलो आहे.

रानवाट
शाळेत शिकलात ते बरोबर. पण 'त्याने मुलीला शाळेत घातली', 'आईने मुलीला निजवली', 'गाईला गोठ्यात बांधली' ही वाक्यं ऐकली नाहीत? 'ला' लागूनही क्रियापद मुलीच्या, गाईच्या मागे जातं. व्याकरणात याला संकर म्हणतात, जुन्या व्याकरणांतही याची नोंद आहे. आजच्या प्रमाण लेखनात हे कमी झालं, पण बोलण्यात टिकून आहे. म्हणून 'मीनलला जवळ बोलावली' या एका जागेवरून मी काहीही ठरवणार नाही. उलट 'आई उभ्या होत्या' लिहिणाऱ्या बाईच्या तोंडी ते शोभतंसुद्धा.

आता राहिलेल्या जागा. 'डॉक्टरांनी लिहून दिलेली, अजून न उघडलेली गोळ्यांच्या पाकिटाकडे.' मराठीत नामाला प्रत्यय लागला की त्याच्या मागची सगळी विशेषणं वाकतात. दिलेल्या, उघडलेल्या, गोळ्यांच्या, पाकिटाकडे. इथे शेवटचं 'गोळ्यांच्या' वाकलं आणि त्याआधीची दोन ताठच राहिली. यंत्र इथे हमखास चुकतं, कारण 'दिलेली' लिहिताना पुढे 'पाकिटाकडे' येणार हे धरून चालावं लागतं. पण खरं सांगायचं तर लांब वाक्यात माणूसही इथे चुकतो. लिहिताना मनात 'गोळी' असते, वाक्य संपेपर्यंत 'पाकीट' होतं. मी स्वतःच्या लेखात ही चूक छापून आल्यावर पाहिली आहे.

'बाबा आला आणि म्हणाले' याला मात्र माणूस सापडणं कठीण. बाबांना 'आला' म्हणणारी घरं आहेत, 'आले' म्हणणारी आहेत. एका दमात दोन्ही म्हणणारं घर मला माहीत नाही.

आणि 'बराच वेळ लागली'. वेळ हा शब्द दोन लिंगांत चालतो. जेवायची वेळ झाली, वाईट वेळ आली, तिथे स्त्रीलिंगी, कारण तो एक ठरावीक क्षण आहे. वेळ गेला, वेळ लागला, वेळ काढला, तिथे पुल्लिंगी, कारण तो लांबणारा काळ आहे. माणसं हे शिकत नाहीत, पण चुकतही नाहीत. आणि इथे तर 'बराच' पुल्लिंगी आणि दोन शब्दांवर 'लागली' स्त्रीलिंगी. तेच तीन वाक्यं आधी 'बराच वेळ' नीट आलंय.

म्हणजे माझ्या हिशेबाने 'तिने', 'बाबा आला', 'तुम्ही घेतलीस' आणि 'वेळ लागली' या चार जागा माणसाच्या वाटत नाहीत. 'बोलावली' आणि 'दिलेली' या माणसाच्या असू शकतात. तरीही हा पुरावा नाही. लेखिकेला विचारा.

पानगळ
विचारताना 'तुम्ही यंत्र वापरलंत का' असं विचारू नका. लोक घाबरून नाहीच म्हणतात. 'या आई कोण?' एवढंच विचारा. ज्याने लिहिलंय त्याला ते सांगता येईल.

काना_मात्रा
चार दिवसांनी लिहिते आहे. फोन केला. पानगळ म्हणाल्या तसंच विचारलं. बाई पटकन म्हणाल्या, "सासूबाई, दुसरं कोण? उभ्या म्हटलंय ना मी." मग मी विचारलं की पुढे 'तिने' का? तर म्हणाल्या, "मी 'तिने' लिहीन होय त्यांना?" आणि वही शोधायला गेल्या.

कथा त्यांनी वहीत लिहिली होती. टाइप करून द्यायला पुतण्याला सांगितलं, आणि त्याने टाइप केल्यावर 'शुद्धलेखन तपासून दे' म्हणून यंत्राला दिली. त्यांनी ते पुन्हा वाचलं नाही, चष्म्याचं काम चालू होतं. वहीच्या त्या पानाचा फोटो त्यांनी पाठवला. त्यांच्या परवानगीने, नाव बदलून उतरवते:

> मीनल घरी आली तर आई ओट्यापाशी उभ्या. त्यांनी मीनलला जवळ बोलावली न विचारलं, आज उशीर का गं. मीनलने गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी लिहून दिलेली अजून न उघडलेली गोळ्यांच्या पाकिटाकडे बघितलं. बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग बाबा आले न म्हणाले, औषध घेतलंस? मीनलने नुसती मान हलवली.

शेवटचं वाक्य, ते वेळ लागलीवालं, वहीत नाहीच.

रानवाट सर, तुमची विभागणी तंतोतंत निघाली. 'बोलावली' त्यांचीच, 'दिलेली'ही त्यांचीच. आणि माझं लक्ष 'औषध घेतलंस?' वर खिळलं. तिथे 'तू' नाही, 'तुम्ही' नाही, 'का' पण नाही. सासऱ्यांचा आवाज ऐकू येतो. त्या शेपटीतल्या एका 'स'ने सगळं सांगितलं होतं, यंत्राने त्याच्या आधी 'तुम्ही' आणून बसवलं आणि 'घेतलं'चं 'घेतली' केलं.

जुना_वाचक
पण मग अंकाच्या अटीत हे बसतं का? यंत्राचा हात लागलाच की.

निशिगंधा
वही आहे ना? वहीवरून छापा. शुद्धलेखन तपासायला दिलं आणि समोरच्याने माणसांची नाती बदलून परत दिली, यात बाईंचा काय दोष?

जुना_वाचक
दोष नाही म्हणत. पण उद्या कोणीही पाठीमागून वही लिहून आणेल.

सोलापुरी
माझीही वही आहे. तेव्हा कोणी मागितली नाही.

काना_मात्रा
सोलापुरी, तो लेख मला पाठवाल का? अंकात घेण्याचं वचन देऊ शकत नाही, ते संपादकांच्या हातात आहे. पण वाचेन मी, आणि 'केलो'ला हात लावणार नाही.

अटीचं संपादकांवर सोपवलं आहे. छापलीच तर कथा वहीवरून छापली जाईल. मी 'दिलेल्या' आणि 'न उघडलेल्या' एवढंच दुरुस्त केलं आहे. 'उभ्या' तसंच, 'न म्हणाले' तसंच.

रानवाट
आणि 'बोलावली'?

काना_मात्रा
ठेवली आहे सर. समासात पेन्सिलीने 'असेच हवे' लिहून ठेवलंय, म्हणजे माझ्यानंतर कोणी बदलणार नाही.